एकाच काचेच्या तारेवर तीन वाटण्या: घरच्या फायबरवरून एफडीएम, टीडीएम आणि डब्ल्यूडीएम ओळखायला शिका

"टीव्ही फुटतोय, पण नेट मस्त चालू आहे." दुसऱ्या घरून फोन: "नेट गेलंय, टीव्ही चालू आहे." तिसरीकडून: "सगळं चालू आहे हो, फक्त दहा-बारा चॅनेल दिसत नाहीत." तिन्ही घरांत आत येणारी तार एकच, पिवळ्या वेष्टणातली, केसाएवढी काच.

एका केबल ऑपरेटरकडे मी नवीन लागलो तेव्हा या तिन्ही तक्रारींवर माझा एकच इलाज असायचा: डबा बदलून बघू. माझ्याबरोबरचे जुने तंत्रज्ञ वैतागून म्हणायचे, "डबा नंतर बदल. आधी सांग, वाटणी कुठली मोडलीय?" एका तारेवर तीन वेगवेगळ्या प्रकारच्या वाटण्या एकात एक घातलेल्या असतात, हे तेव्हा डोक्यात शिरलं. पुस्तकात त्या तीन वेगळ्या धड्यांत येतात आणि म्हणून त्यांची सरमिसळ होते. इथे आपण एकच तार घेऊ आणि तिच्यावरच त्या तिन्ही शोधू.

इथे वाटणी करायच्या रीती दोनच आहेत, आणि गावाकडच्या माणसाला त्या सांगाव्या लागत नाहीत. तीन भावांनी शेत वाटलं तर मधे बांध घालून तुकडे करतात. प्रत्येकाचा तुकडा लहान, पण बाराही महिने त्याचाच. विहीर मात्र कापता येत नाही. तिथे पाळी लावतात. ज्याची पाळी त्याला पूर्ण विहीर, बाकीच्यांनी थांबायचं. एफडीएम म्हणजे फ्रिक्वेन्सीची वाटणी आणि डब्ल्यूडीएम म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीची, दोन्ही बांध घालून केलेल्या. टीडीएम म्हणजे वेळेची वाटणी, ती पाळी.

पहिली पायरी: डबा नीट बघा

फायबर ज्या डब्यात शिरते त्याला ओएनटी म्हणतात. त्याच्या मागे नेटवर्कचे चौकोनी पोर्ट असतात. शिवाय टीव्हीच्या जाड काळ्या केबलचा गोल, आटे असलेला पोर्ट आहे का ते बघा. असेल तर त्या तारेतून केबल टीव्ही आणि इंटरनेट दोन्ही येतायत, आणि हा लेख तुमच्या घरी जसाच्या तसा लागू पडेल. नसेल तर टीव्हीचा भाग सोडून द्या, बाकीचं तेच.

पुढे दोन दिवे शोधा. `LOS` लाल झाला तर डब्यापर्यंत नेटचा प्रकाशच पोचत नाहीये. `PON` स्थिर हिरवा असेल तर डब्याची ऑपरेटरच्या यंत्राशी नोंदणी झालेली आहे. लुकलुकत असेल तर प्रकाश मिळतोय, पण नोंदणी होत नाहीये. हे दोन दिवे वेगवेगळ्या वाटण्यांची खबर देतात, म्हणून ते लक्षात ठेवा.

फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका. प्रकाश अवरक्त आहे, दिसत नाही, आणि टीव्हीसाठी वापरतात तो बराच तीव्र असतो.

दुसरी पायरी: रंग मोजा, ही झाली डब्ल्यूडीएम

या तारेत तीन तरंगलांबींचा प्रकाश एकाच वेळी वाहतो. इंटरनेट खाली येतं १४९० नॅनोमीटरवर. तुमच्याकडून वर जातं १३१० वर. केबल टीव्ही येतो १५५० वर. डोळ्याला दिसत नसले तरी आम्ही त्यांना रंगच म्हणतो. डब्यातला एक छोटा काचेचा फिल्टर हे तीन रंग वेगळे करतो. त्याला ना वीज लागते, ना सॉफ्टवेअर. रंग एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून कोणी कोणासाठी थांबत नाही. एकाच काचेत वरची आणि खालची वाहतूक समोरासमोर चालते ती यामुळेच.

इथे चौकस वाचक विचारतो की तरंगलांबी आणि फ्रिक्वेन्सी तर एकाच गोष्टीची दोन मापं, मग दोन नावं कशाला? बरोबर आहे. १५५० नॅनोमीटर म्हणजे सुमारे १९३.४ टेराहर्ट्झ. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने डब्ल्यूडीएम ही एफडीएमच आहे. फरक वेगळं काढायच्या हत्यारात आहे. रेडिओच्या फ्रिक्वेन्सी विजेच्या सर्किटने ट्यून करून काढतात, प्रकाशाच्या तरंगलांबी काचेच्या फिल्टरने.

बांध किती रुंद ठेवायचा हे इथे लेसर ठरवतो. घरच्या डब्यातला लेसर स्वस्त असतो आणि मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत तापतो. तापला की त्याचा रंग सरकतो, साध्यातल्या बऱ्या लेसरचासुद्धा दर अंशाला सुमारे ०.१ नॅनोमीटर. म्हणून वर जाणाऱ्या प्रकाशाला मुळात १२६० ते १३६० असं शंभर नॅनोमीटरचं ऐसपैस शेत दिलं. याउलट शहरा-शहरांमधल्या मोठ्या लाइनवर रंग अवघ्या ०.८ नॅनोमीटर अंतराने लावतात, ४० किंवा जास्त. तिथे लेसर आठ अंशांनी तापला तर शेजाऱ्याच्या जागेत जाऊन बसेल, म्हणून त्याचं तापमान यंत्राने कायम राखावं लागतं. महाग पडतं ते त्यामुळे.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवू. इमारतीच्या जिन्याखालच्या पेटीत जो स्प्लिटर असतो, तो वाटणी करत नाही. तो फक्त प्रकाश विभागतो. ३२ घरांच्या स्प्लिटरमधून प्रत्येक घरी तिन्ही रंग जातात, फक्त बत्तिसाव्या हिश्श्याने मंद होऊन. म्हणजे शेजाऱ्यांचा डेटाही तुमच्या डब्यापर्यंत येतो. आपला कुठला ते पाकिटावरच्या क्रमांकावरून डबा ओळखतो आणि बाकीचा टाकून देतो. शेजाऱ्याचं वाचता येऊ नये म्हणून खाली येणारा डेटा कुलूपबंद करायची सोय या पद्धतीत आहे.

तिसरी पायरी: १५५० च्या आत डोकावा, ही एफडीएम

टीव्हीचा रंग एकच, चॅनेल शेकडो. ते कसे बसवले? ऑपरेटरच्या कंट्रोल रूममध्ये रेडिओ लहरींचा एक लांब पट्टा तयार होतो, साधारण ४७ ते ८६२ मेगाहर्ट्झचा. त्याचे ८ मेगाहर्ट्झचे तुकडे पाडले की शंभरेक वाफे मिळतात. हा अख्खा पट्टा १५५० च्या लेसरच्या तेजावर चढवतात: लहर वर गेली की प्रकाश किंचित वाढतो, खाली आली की किंचित कमी होतो. तुमच्या डब्यात प्रकाशाची पुन्हा वीज होते आणि गोल पोर्टातून तोच पट्टा सेट-टॉप बॉक्सकडे जातो. बॉक्स हवा तो वाफा निवडतो. मुंबईत रेडिओवर ९१.१, ९२.७, ९३.५ असे आकडे फिरवता तेव्हा हेच करत असता. या तीन वाफ्यांच्या मध्यांमधलं अंतर ०.८ मेगाहर्ट्झच्या पटीत आहे.

सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत मॅन्युअल सर्च उघडा. तिथे `Frequency`, `Symbol Rate` आणि `QAM` असे तीन रकाने दिसतील. अनेक ठिकाणी `6875` आणि `64` भरलेलं असतं. त्यावरून एका वाफ्यात किती माल मावतो ते काढता येतं:

```
6.875 × 1.15      = 7.906 MHz  
6.875 × 6         = 41.25 Mbps
41.25 × 188 / 204 = 38.01 Mbps
```

`6875` म्हणजे सेकंदाला ६८.७५ लाख चिन्हं. पहिली ओळ रुंदीची: चिन्हांच्या वेगापेक्षा १५ टक्के जास्त जागा लागते. ८ मधले ७.९०६ पीक, उरलेला ०.०९४ बांध. किती अरुंद ते बघा! जुन्या अॅनालॉग काळात या ८ मेगाहर्ट्झात एक चॅनेल जायचं. दुसरी ओळ वेगाची: `64` म्हणजे सहा वेळा दोन गुणून येणारा आकडा, म्हणून प्रत्येक चिन्हात ६ बिट. तिसऱ्या ओळीत चुका दुरुस्त करायला ठेवलेला हिस्सा वजा केला. हाती राहिले ३८ एमबीपीएस, म्हणजे साधे दहा-बारा किंवा जास्तही चॅनेल एका वाफ्यात. ते आत कसे बसतात? १८८ बाइटच्या पाकिटांत, एकामागोमाग एक, पाळीने. बांध घातलेल्या शेतात आत पुन्हा पाळी आहे.

सुरुवातीचा तिसरा फोन आठवा: एक वाफा बिघडला की चॅनेल एकेकटं जात नाही, दहा-बारांचा गठ्ठा जातो. ग्राहकाला "कुठली कुठली जातात?" विचारा, नावं लिहून घ्या आणि मेनूत त्यांची फ्रिक्वेन्सी बघा. सगळ्यांची एकच निघाली तर तार, डबा, लेसर सगळं बहुधा निर्दोष आहे. दोष त्या वाफ्यात आहे.

एफडीएमचा दुसरा शत्रू अति जोर. अॅम्प्लिफायर किंवा डब्यातला रिसीव्हर प्रमाणाबाहेर ढकलला की दोन लहरी मिळून तिसरीच तयार होते आणि ती परक्या वाफ्यात पडते. स्प्लिटरच्या अगदी जवळच्या, जास्त प्रकाश मिळणाऱ्या घरात चित्र फुटतं ते कधी कधी यामुळे. तिथे प्रकाश कमी करणारा ॲटेन्युएटर लावायचा असतो. नवखा माणूस नेमका उलटा विचार करतो.

चौथी पायरी: वर जाणाऱ्या १३१० ची पाळी, ही टीडीएम

खाली येणाऱ्या रंगात एकच बोलणारा आहे, ऑपरेटरचं यंत्र, ज्याला ओएलटी म्हणतात. वर जाताना मात्र ३२ घरं एकाच १३१० वर, एकाच काचेत बोलणार. प्रत्येकाला वेगळा रंग द्यायचा तर ३२ प्रकारचे लेसर आणि ३२ प्रकारचे डबे लागतील. कुठला डबा कुठल्या घरचा ते सांभाळताना ऑपरेटरचं दिवाळं निघेल. म्हणून पाळी.

पाळीचं साधं रूप आधी बघू. ऑफिसात एकाच जोडणीवर अनेक कॉल नेणारी पीआरआय लाइन असते, तिच्या पोटात ई-१ नावाची जुनी टेलिफोनची पद्धत आहे. सेकंदाचे ८००० भाग, म्हणजे एकेक १२५ मायक्रोसेकंदांचा. त्या प्रत्येकात ३२ खाचा, प्रत्येक खाचेत ८ बिट. ३२ × ८ × ८००० म्हणजे २.०४८ एमबीपीएस. यातली शून्य क्रमांकाची खाच सूर जुळवायला, सोळावी नंबर फिरवण्याच्या वगैरे निरोपांना, म्हणून एका लाइनवर ३० कॉल. खाच ठरलेली, तुम्ही गप्प बसलात तरी ती तुमचीच, रिकामी धावते.

घरच्या फायबरची जीपॉन पद्धत १२५ मायक्रोसेकंदांची तीच चौकट चालवते, पण पाळी ठरलेली नसते. वरचा वेग १.२४४ जीबीपीएस, म्हणजे एका चौकटीत १९,४४० बाइट. दर चौकटीबरोबर ओएलटी खालच्या रंगावर यादी पाठवतं: अमक्या डब्याने इतक्याव्या बाइटपासून इतक्याव्यापर्यंत बोलायचं. ज्याच्याकडे पाठवायला जास्त त्याला लांब पाळी, जो झोपलाय त्याला नावापुरती. डब्याचा लेसर पाळी नसताना पूर्ण बंद असतो. ही शिस्त आहे म्हणून १०० एमबीपीएसचा प्लॅन ३२ घरांना विकता येतो. खालचे २.४८८ जीबीपीएस ३२ ने भागले तर प्रत्येकी ७७ एमबीपीएसच्या आसपास येतात, पण सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत.

आता अंतराचा प्रश्न. पाटाच्या पाण्याला लांबच्या शेतात पोचायला वेळ लागतो, तसा प्रकाशालाही लागतो: काचेत किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. समजा एक घर ४ किलोमीटरवर आहे आणि दुसरं दीड. यादी जाऊन उत्तर परत यायला पहिल्याला ४० मायक्रोसेकंद लागतात, दुसऱ्याला १५. दोघांनी यादी मिळताच आपापली वेळ मोजली तर जवळच्याचा डेटा २५ मायक्रोसेकंद आधी पोचेल. वरच्या वेगाने हे होतात ३,८८८ बाइट, म्हणजे चौकटीचा पाचवा भाग. दुसऱ्या कोणाच्या तरी पाळीवर तो थेट आदळणार.

म्हणून नवा डबा लागला की ओएलटी आधी त्याचं जाण्या-येण्याचं अंतर मोजतं. त्याला रेंजिंग म्हणतात. मग जवळच्या डब्याला सांगतं की तू मुद्दाम २५ मायक्रोसेकंद थांब. सगळी घरं जणू एकाच अंतरावर आहेत असं भासवायचं. हे इतकं काटेकोर असतं की दोन पाळ्यांच्या मधे फक्त ३२ बिटांची मोकळी जागा ठेवतात, म्हणजे सुमारे २६ नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश काचेत पाच मीटर जातो. हा टीडीएमचा बांध. `PON` दिवा लुकलुकतो तेव्हा डबा याच मोजणीच्या आणि नोंदणीच्या फेऱ्यात असतो.

पाचवी पायरी: प्रकाशाचा हिशोब मांडा

ब्राउझरमध्ये डब्याचं पान उघडा (पत्ता बहुधा डब्याच्या तळाशी छापलेला असतो) आणि `RX Power`, म्हणजे डब्याला मिळणारा प्रकाश, शोधा. तो डीबीएम या प्रकाशाच्या जोराच्या मापात असतो. तो आकडा बरोबर आहे का ते आधी कागदावर काढता यायला हवं:

```
OLT              +3 dBm
combiner         -1
fiber 4 km       -1
splitter 1:32   -17
connector/joint  -2
-----------------------
RX Power        -18 dBm
```

`combiner` म्हणजे नेट आणि टीव्हीचे रंग एका तारेत आणणारा भाग. स्प्लिटरचा हिशोब सोपा आहे: प्रकाश अर्धा झाला की ३ डीबी जातात, ३२ घरं म्हणजे पाच वेळा अर्धा, म्हणजे १५, आणि प्रत्यक्षात दोनेक जास्त. नेटच्या रिसीव्हरला −८ ते −२७ डीबीएम चालतं, त्यामुळे −१८ उत्तम. टीव्हीचा रंग मात्र अॅम्प्लिफायरमधून +१८ ने सोडला तर त्याच वाटेने −३ वर पोचतो, आणि त्याला लागतोही साधारण −८ च्या वर. एवढा फरक का? नेटचा रिसीव्हर फक्त प्रकाश आहे की नाही एवढंच बघतो. टीव्हीच्या रिसीव्हरला शंभर वाफ्यांची लहर जशीच्या तशी उतरवून घ्यायची असते. म्हणून त्याला किमान उजेडच ऐंशीएक पट जास्त लागतो.

सहावी पायरी: तक्रारीवरून वाटणी ओळखा

आता सुरुवातीचा पहिला फोन. टीव्ही फुटतोय, नेट चालू. मी गेलो तेव्हा `RX Power` −२२ होतं, आणि टीव्हीच्या रंगाचा मीटर −११. हिशोबाने −१८ आणि −३ हवे होते. म्हणजे नेटचे ४ डीबी गेले होते, टीव्हीचे ८. दोन रंगांचं नुकसान सारखं असतं तर मळलेला कनेक्टर शोधला असता. लांब तरंगलांबीचं जास्त नुकसान म्हणजे तार मुडपलेली, कारण वळणावर १५५० सर्वात आधी बाहेर सांडतो. घरात नवं कपाट आलं होतं. ते सरकवलं तर मागे तार काटकोनात दाबलेली. मोकळी केली आणि चित्र आलं. डबा बदलला असता तर नवा डबाही तसाच फुटला असता.

कनेक्टरचा दोष असेल तर त्याच्या प्लास्टिकचा रंग बघा. हिरवा आणि निळा एकमेकांत घातलेला असेल तर काचेची टोकं नीट भिडत नाहीत, कारण हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं. प्रकाश कमी होतोच, शिवाय परतही फिरतो आणि टीव्हीला त्याचा जास्त त्रास होतो.

दुसरा फोन, नेट गेलं पण टीव्ही चालू, हा एका घराचा असेल तर पुष्कळ कारणं असतात. पण एका संध्याकाळी एकाच इमारतीतून असे अठरा फोन आले. सगळीकडे `LOS` बंद, `PON` लुकलुकतोय, टीव्ही झकास. नीट वाचा: १४९० पोचतोय, १५५० पोचतोय, म्हणजे तार आणि स्प्लिटर ठीक. फक्त वरची पाळी मोडलीय. कोणाचा तरी लेसर पाळी संपल्यावरही पेटलेलाच राहत होता, आणि त्या उजेडात ओएलटीला दुसऱ्या कोणाचं काही ऐकू येत नव्हतं.

अशा वेळी स्प्लिटरपाशी जाऊन एकेक घराची तार काढायची आणि ओएलटीवर बाकीचे डबे परत येतायत का ते बघायचं. आम्हाला तो अकराव्या तारेवर सापडला. खात्री करायची रीत सोपी आहे. घराकडून येणाऱ्या तारेच्या काढलेल्या टोकाला पॉवर मीटर १३१० वर ठेवून लावा. चांगल्या डब्याला ओएलटीकडून यादी मिळाली नाही की तो गप्प बसतो, मीटरवर काही येत नाही. आमच्या मीटरवर +२ स्थिर दिसत होतं. यादीच नाही, तरी हा बोलतोच आहे.

मग नवीन काही जोडायचं तर कुठली वाटणी निवडायची?

एकाच प्रकारचे पुष्कळ ग्राहक, वापर कमी-जास्त, डबा स्वस्त हवा, तर पाळी. सगळ्यांना एकच माल एकदम पोचवायचा, कोण बघतंय याची पर्वा नाही, तर एफडीएम. कोणी बघत नसलं तरी तो ८ मेगाहर्ट्झचा वाफा अडलेला राहतो, हे मात्र सोसावं लागतं. आणि जुन्याला हात न लावता नवं आणायचं असेल तर रंग. एक्सजीएस-पॉन ही १० जीबीपीएसची पद्धत अशीच येते: खाली १५७७, वर १२७०. त्याच तारेवर, त्याच स्प्लिटरमधून, जुन्या जीपॉनच्या शेजारी. एका घराने नवा डबा घेतला तरी बाकीच्या एकतीस घरांत कोणाला पत्ता लागत नाही. फक्त आधी बघून घ्या की जुन्या डब्यांतले फिल्टर हा नवा रंग बाहेर अडवतात का. अगदी जुने काही अडवत नाहीत, आणि मग नव्या ग्राहकाचं नेट सुरू झालं की शेजारच्या घरचं जातं.